या चुका टाळा: सिम बंद झालं, नंबर दुसऱ्याला गेला, आणि लॉगिन अजून त्याच नंबरावर

निपाणी, खानापूर, चिकोडी भागात बऱ्याच घरांत दोन सिम असतात. एक कर्नाटकचं, दुसरं कधीतरी कागल नाहीतर कोल्हापुरात घेतलेलं, कारण पूर्वी पाहुण्यांना फोन करायला तेच स्वस्त पडायचं. रिचार्ज महागले तसं यातलं एक सिम सोडून दिलं जातं, आणि नेमकं त्याच नंबरावर व्हॉट्सअॅप, गूगल आणि बँक असते.

बंद झालेला नंबर कंपनी निदान ९० दिवस कुणाला देत नाही, असं मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायनं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. लोकांना वाटतं, ९० दिवस म्हणजे भरपूर झाले. पण त्या दिवसांत कुणी काही करत नाही, कारण फोनमधलं व्हॉट्सअॅप वायफायवर सुरूच असतं. सिम मेलं तरी अॅप जिवंत राहतं. या एका गोष्टीमुळे माणूस निर्धास्त होतो आणि फसतो.

आमच्या ओळखीतल्या एका काकांचं असंच झालं. तंबाखूच्या वखारीतून निवृत्त झालेले, भजनी मंडळाच्या ग्रुपचे अॅडमिन. महाराष्ट्राचं सिम बंद पडून वर्ष होत आलं होतं, तरी व्हॉट्सअॅप त्याच नंबरावर. एका संध्याकाळी ते आपोआप लॉगआउट झालं. तो नंबर सोलापूरकडच्या एका कॉलेजच्या पोराला मिळाला होता आणि त्यानं त्यावर स्वतःचं व्हॉट्सअॅप सुरू केलं होतं. काकांच्या जुन्या चॅट त्याला दिसल्या नाहीत, त्या काकांच्याच फोनमध्ये होत्या. पण खातं नंबराचं असतं, त्यामुळे काकांचे ग्रुप त्याच्याकडे गेले, अॅडमिनपदासकट. पहाटे अभंगाच्या ग्रुपात गॉगल लावलेल्या पोराचा फोटो!

पुढचा घोळ पुतण्यानं घातला. त्यानं जुनाच नंबर टाकून ओटीपी मागवायचा सपाटा लावला. अहो, ओटीपी सिमवर जातो, तुमच्या चिकाटीवर नाही. चारदा मागवला की अॅप थांबायला लावतं, एवढंच. मग त्यानं त्या पोरालाच फोन लावला, "भावा, आलेला आकडा तेवढा सांग की." त्यानं नंबर ब्लॉक केला, आणि बरोबर केलं. अनोळखी माणूस ओटीपी मागतो तेव्हा काय करायचं, हेच तर आपण सगळ्यांना शिकवतो. तो चोर नाही, त्यानं दुकानात पैसे देऊन सिम घेतलंय. त्याला फोन करायचाच तर एवढंच सांगा, की हा नंबर आधी आमचा होता, त्या ग्रुपांतून तेवढे बाहेर पडा.

घाई नडली ती पुढं. पुतण्यानं अॅप काढून पुन्हा टाकलं, नव्या नंबरानं सुरू केलं. गूगल ड्राइव्हवर बॅकअप होता, पण तो जुन्या नंबराचा. नंबर जुळला नाही, चॅट परत आल्या नाहीत. लॉगआउट होण्याआधी कधीही काकांना सेटिंगमधल्या Account मध्ये जाऊन नंबर बदलता आला असता. तिथं ओटीपी नव्या नंबरावर येतो, जुनं सिम लागत नाही, आणि चॅट, ग्रुप सगळं सोबत येतं.

म्हणून माझी सवय सांगतो. सिम मेलेलं कळलं की फोन रिसेट करायचा नाही, अॅप काढायचं नाही, कुठूनही लॉगआउट व्हायचं नाही. जिथं अजून आत आहोत तिथूनच नंबर बदलायचा. गूगलचंही तसंच, पासवर्ड मात्र आठवत असावा लागतो. "मोबाइल स्लो झालाय, रिसेट मारून देतो" म्हणणाऱ्या दुकानदाराच्या हातात असा फोन मुळीच देऊ नका.

आधारसाठी जुन्या नंबराचा ओटीपी लागत नाही. आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन नवा नंबर जोडता येतो. हे काम आधी उरका, कारण पुढची बरीचशी सरकारी लॉगिन आधारच्या ओटीपीवर चालतात.

बँकेत पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जा. नवा सिमवाला यूपीआय अॅप उघडून तुमचं खातं त्यात जोडून बघू शकतो. डेबिट कार्ड किंवा आधारचा तपशील नसेल तर त्याला पिन ठरवता येत नाही, पण जमा-खर्चाचे मेसेज मात्र त्यालाच जात राहतात.

गॅस, पीएफ, एलआयसी हे सगळे विसरतात. जुन्या फोनमधले एसएमएस वर सरकवत जा, कोण कोण त्या नंबराला चिकटलंय ते तिथंच दिसतं.