डासांची तक्रार करताना या चुका टाळा: धूर मागू नका, डबकं दाखवा

सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस जोराचा असतो आणि हद्दवाढ भागातली काळी माती पाणी लवकर जिरू देत नाही. मोकळ्या प्लॉटवर, अर्धवट बांधकामात डबकी साचतात आणि आठ-दहा दिवसांत संध्याकाळी दार उघडं ठेवायची सोय राहत नाही. मग कॉलनीतलं कुणीतरी महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहायला बसतं. आमच्या कॉलनीत तो अर्ज मी लिहिला होता. चाळीस सह्या घेतल्या आणि मजकूर एवढाच ठेवला: 'परिसरात डासांचा प्रादुर्भाव वाढला असून तातडीने धूरफवारणी करावी, ही विनंती.'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुराची गाडी आली, गल्लीभर धूर झाला आणि तक्रार निकाली निघाली. आठवड्याने डास पुन्हा तेवढेच. चूक अर्जातच होती. आम्ही जे मागितलं होतं, ते आम्हाला मिळालं होतं.

चूक पहिली: धूर मागणे

धुराने त्या वेळी हवेत उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना त्याचा काहीच त्रास होत नाही. पावसाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे धूर मारला त्या दिवशी डबक्यात वाढलेल्या अळ्या असतील, तर दोन-चार दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. त्यातून डेंगीचा एडिस डास दिवसा चावतो, पण घरात असताना पलंगाखाली, कपड्यांमागे, अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेला असतो. गल्लीतला धूर तिथवर फारसा पोचत नाही. त्यामुळे अर्जात मागणी करायची ती 'डासोत्पत्ती स्थानाची पाहणी, अळीनाशक फवारणी आणि साचलेल्या पाण्याचा निचरा' अशी. डेंगीचे रुग्ण सापडले तर कुठे धूर मारायचा, ते आरोग्य विभागाचे लोकच ठरवतील. तुम्ही पाण्यावर बोट ठेवा.

चूक दुसरी: पाणी न बघताच अर्ज लिहिणे

माझ्या मते सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. आम्ही दुसऱ्या वेळी पांढरी खोलगट ताटली आणि लांब दांड्याचं ओगराळं घेऊन डबक्यापाशी गेलो. दोन गल्ल्या सोडून एका प्लॉटवर घराच्या पायासाठी कॉलमचे सहा खड्डे खणून काम तसंच सोडून दिलं होतं. ओगराळं हलक्या हाताने काठाशी बुडवायचं आणि पाणी ताटलीत ओतायचं. सावली पडली की अळ्या खाली पळतात, म्हणून थोडं थांबून परत बघायचं. चार खड्ड्यांत पाणी गढूळ होतं आणि शेजारच्या घरांचं धुण्याचं पाणी त्यात उतरत होतं. तिथे अळ्या शेपटीकडची नळी पाण्याच्या वरच्या थराला लावून तिरक्या लोंबत होत्या. घाण पाण्यातला हा क्युलेक्स, रात्री चावणारा. हत्तीरोग पसरतो तो याच्यामुळे. मलेरियाच्या ॲनोफेलिसची अळी पाण्याला समांतर, आडवी पडलेली दिसते. तशी आम्हाला एकही सापडली नाही.

ताटलीत अळ्यांबरोबर स्वल्पविरामासारखे वाकडे, गटांगळ्या खाणारे कोषही होते. कोष दिसले तर ते अर्जात जरूर लिहा. कोष म्हणजे एक-दोन दिवसांत डास. कोष काही खात नाही, त्यामुळे अळीने खाल्ल्यावर काम करणारं बीटीआयसारखं औषध त्याच्यावर चालत नाही. तिथे पाण्यावर पसरून श्वास बंद करणारं तेल लागतं. ते तेल सांडपाण्याच्या डबक्यासाठी ठीक, पिण्याच्या किंवा माशांच्या पाण्यात नाही. कोषांचा उल्लेख असला, की येणारा कर्मचारी त्या तयारीने येऊ शकतो.

गप्पी मासे सोडा, अशी मागणीही बरेच जण करतात. विहिरीत, कायम पाणी असलेल्या हौदात ते छान टिकतात. दोन आठवड्यांत आटणाऱ्या खड्ड्यात त्यांचा उपयोग नाही.

चूक तिसरी: पाणी कुणाचं, ते न सांगणे

'अमुक नगरमध्ये ठिकठिकाणी पाणी साचले आहे' या वाक्यावर कुणीच काही करू शकत नाही. आरोग्य विभाग औषध मारू शकतो, पण पाणी हटवायचं काम पाणी कुठून आलं यावर ठरतं. ड्रेनेजचं चेंबर तुंबून पाणी येत असेल, तर ते काम सार्वजनिक आरोग्य अभियंत्यांकडचं. नाव सारखं वाटतं म्हणून लोक आरोग्य अधिकाऱ्यांकडेच अर्ज देऊन मोकळे होतात, पण ती दोन वेगळी खाती आहेत. अर्ज आरोग्य अधिकाऱ्यांना आणि प्रत अभियंत्यांना व विभागीय कार्यालयाला, असं करा. खासगी प्लॉट असेल, तर मालकाला नोटीस काढावी लागते आणि त्यासाठी मालक कोण ते कळायला हवं. मालक परगावी असला, तर प्लॉट क्रमांक, सर्व्हे क्रमांक आणि शेजारच्या घराचा मिळकत क्रमांक द्या. त्यावरून मालक शोधणं सोपं जातं.

आमच्या दुसऱ्या अर्जाचा गाभा असा होता:

'विषय: प्लॉट क्र. __, सर्व्हे क्र. __ येथील पायाच्या खड्ड्यांतील डासोत्पत्तीबाबत. सदर प्लॉटवर सहा खड्डे असून चार खड्ड्यांत अंदाजे दीड फूट पाणी आहे. दि. __ रोजी सकाळी पाहणी केली असता चारही खड्ड्यांत अळ्या व कोष आढळले. पाण्यात लगतच्या घरांचे सांडपाणी मिसळत आहे. अळीनाशक फवारणी करावी व जागामालकास खड्डे बुजविण्याची नोटीस द्यावी. सोबत फोटो व नकाशा.'

या वेळी सह्या पाचच होत्या. फोटो मात्र दोन प्रकारचे घेतले. एकात अळ्यांची ताटली आणि दुसऱ्यात खड्ड्यामागे ओळखू येणारं घर.

चूक चौथी: आपला बॅरल झाकून न ठेवणे

पाहणीला माणसं आली, की ती तक्रारदाराच्या घरातही बघतात, आणि बघायलाच हवं. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे घरोघरी बॅरल, हौद, रांजण भरलेले. एडिसला हेच स्वच्छ, सावलीतलं पाणी हवं असतं. तो फार लांब उडत जात नाही. बहुतेक वेळा ज्या घरात किंवा शेजारात जन्मला, तिथेच चावतो. आमच्याकडे खड्ड्यांत क्युलेक्स होता, पण ज्या घरात मुलीला डेंगी झाला होता, तिथे अंगणातल्या बॅरलमध्ये एडिसच्या अळ्या निघाल्या. तिची आई दिवसभर बॅरलशेजारीच विड्या वळत बसायची. ते ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला कुणी हे सांगितलंच नव्हतं.

बॅरल नुसता उपडा करून पुरत नाही. अंडी आतल्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. आठवड्यातून एकदा काथ्याने घासून काढा, उन्हात वाळवा, भरल्यावर तोंडाला जुन्या साडीचं कापड घट्ट बांधा. रिकामा करता न येणाऱ्या हौदासाठी ॲबेट हे अळीनाशक मागा. त्याची मात्रा मात्र कर्मचाऱ्यांनाच घालू द्या.

चूक पाचवी: आवक क्रमांक न घेणे

पोच घेतलेल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असू द्या. फवारणीनंतर सात दिवसांनी तीच ताटली घेऊन त्याच खड्ड्यांवर जा आणि जे दिसेल ते त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन लिहून द्या. नोटीस निघाली की नाही ते कळत नसेल, तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर नोटिशीची प्रत आणि त्या भागाच्या फवारणी नोंदवहीची प्रत मागता येते. उत्तराची मुदत 30 दिवस.

आमच्याकडे तिथवर जावं लागलं नाही. मालकाने मुरूम टाकून खड्डे बुजवले. एका कोपऱ्यात मुरूम खचून पुन्हा वीतभर पाणी साचलं होतं. ताटलीत नऊ अळ्या आल्या, तेव्हा जुना आवक क्रमांक टाकून त्या कोपऱ्यापुरता अर्ज पुन्हा दिला.