शाफ्टची लांबी 100 की 102?

वडोदऱ्याला मकरपुरा जीआयडीसीत मी लेथवर काम करतो. गेल्या महिन्यात आलेल्या शाफ्टच्या ड्रॉइंगवर तीन पायऱ्यांच्या लांब्या 40, 25 आणि 35 होत्या, म्हणजे बेरीज 100. पण वरच्या रेषेवर एकूण लांबी 102 लिहिली होती. कागदावर पट्टी लावून पाहण्याचा मोह झाला, पण प्रिंट काढताना आकार कमी-जास्त होतो, त्यामुळे त्या मापावर विसंबता येत नाही.

फोनवर मिळालेले उत्तर पुढे कोणी मान्य करीत नाही, म्हणून डिझाइन इंजिनीअर साहेबांना ईमेल लिहिला:

"साहेब, सोबतच्या ड्रॉइंगच्या रिव्हिजन बी मध्ये पायऱ्यांची बेरीज 100 मिमी होते, एकूण लांबी मात्र 102 मिमी आहे. दोन्ही मापांभोवती लाल वर्तुळ केले आहे. एकूण लांबी 102 बरोबर असल्यास जास्तीचे 2 मिमी कोणत्या पायरीत घ्यावेत? बेअरिंगची 25 मिमीची पायरी बदलत नाही, असे मी धरतो. तसे नसल्यास कळवावे. तोपर्यंत 20 नग 103 मिमीवर कापून ठेवतो, पायऱ्या काढत नाही."

नुसते "कोणते माप बरोबर?" असे विचारले असते, तर "102" एवढेच उत्तर आले असते आणि पायरीचा घोळ तसाच राहिला असता.

संध्याकाळी उत्तर आले: नटसाठी शेवटची पायरी 37 केली होती, पण तिथला आकडा बदलायचा राहून गेला होता. रिव्हिजन सी हातात आल्यावरच मी पायऱ्या काढल्या आणि जुनी प्रिंट मशीनजवळून हटवली.