जुना फोटो लॅमिनेट करू नका

आजीच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो जपायचा म्हणून घरच्यांनी तो लॅमिनेट करून आणला. आज त्यात कडेने बुडबुडे आलेत आणि प्लास्टिक काढायला गेलं की चित्राचा थरच सोलून येतो. लॅमिनेशनमध्ये उष्णता आणि गोंद दोन्ही थेट फोटोला लागतात आणि ते परत निघत नाही. लॅमिनेट करायचंच असेल तर स्कॅन करून काढलेली प्रत करा, मूळ फोटो कधीच नाही.

मूळ फोटोसाठी एवढं करा:

१. आधी ६०० डीपीआयवर स्कॅन करा.
२. मागे नाव, साल लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.
३. कव्हर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. नव्या रेनकोटसारखा वास येणारं मऊ कव्हर पीव्हीसीचं असतं. ते कालांतराने चिकट होतं, फोटो खराब करतं.
४. कोकणासारख्या दमट हवेत मात्र मी प्लास्टिक टाळते. चकचकीत फोटो ओल धरून त्याला चिकटतो. तिथे आम्लमुक्त कागदाचं पाकीट बरं, प्रत्येकात एकच फोटो.
५. पाकिटं डब्यात घालून कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा. माळा तापतो, आणि बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते.

पृष्ठभागाचे पापुद्रे सुटत असतील तर कुठल्याच कव्हरमध्ये सरकवू नका, घासून ते गळतात. असा फोटो चित्राची बाजू वर करून, सपाट डब्यात एकटाच ठेवा.