वहीतल्या खुणा: ‘ऱ्ह.’ लिहून चूक का सुटत नाही?

निबंधाच्या वह्या तपासताना समासात ‘ऱ्ह.’ लिहिले की आपले काम झाले असे वाटते. वही परत येते तेव्हा तोच शब्द वेगळ्या रीतीने चुकलेला असतो. दोष बहुतेकदा खुणेचा असतो. सातवी-आठवीच्या वहीतल्या या तीन ओळी पाहा:

आमच्या गावाजवळ नदि आहे. तिच्या काठावर मूलांनी झाडे लावली. माझ्या बहीणीने झाडांना पाणि घातले.

चूक पहिली: दोन कारणांना एकच खूण

चारही चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या आहेत, पण कारणे दोन आहेत. ‘नदि’ आणि ‘पाणि’ या शब्दांच्या शेवटी दुसरी वेलांटी हवी. ‘मूल’ आणि ‘बहीण’ हे मूळ शब्द दीर्घच आहेत, पण प्रत्यय लागताना त्यांचे शेवटून दुसरे अक्षर ऱ्हस्व होते: मुलांनी, बहिणीने. सगळीकडे ‘ऱ्ह.’ लिहिले, तर ‘मूलांनी’मध्ये नेमके काय बदलायचे हे मुलाला कळत नाही. त्यात मू आणि नी अशा दोन जागा आहेत. तो चुकीची जागा बदलतो आणि ‘मूलांनि’ लिहून मोकळा होतो.

म्हणून खूण नियमाच्या नावाची ठेवा. शब्दाच्या शेवटासाठी शे, प्रत्ययामुळे बदलणाऱ्या अक्षरासाठी प्र. ‘प्र’ दिसला की मुलाने प्रत्यय काढून मूळ शब्द म्हणून पाहायचा: बहीण, मग बहिणीने, फूल, मग फुलाला, गरीब, मग गरिबाला. अधोरेखाही पूर्ण शब्दाखाली नको, फक्त चुकलेल्या अक्षराखाली ओढा.

‘बाबानी’, ‘मुलाना’ अशा अनुस्वार सुटलेल्या चुकांसाठी वर्तुळातला टिंब पुरतो. तो पाहून मुलाने स्वतःला एवढेच विचारायचे: एक, अनेक, की आदर? याशिवाय विरामचिन्हासाठी वि आणि सुटलेल्या शब्दासाठी हंसपद. या पाच खुणांवर थांबा. पंधरा-वीस खुणांचा तक्ता दिला की मुले चूक शोधण्याऐवजी तक्ता शोधत बसतात. पाचही खुणा वहीच्या पहिल्या पानावर, प्रत्येकी एका उदाहरणासह, मुलांनीच लिहाव्यात.

चूक दुसरी: जे मुलाला सुटूच शकत नाही, त्यालाही खूण

‘प्र’ शिकलेली मुले थोड्याच दिवसांत ‘शरिराला’, ‘परिक्षेला’ लिहू लागतात. नियम लक्षात आल्याची ती खूणच आहे, फक्त तो नको तिथे लावला गेला. ‘शरीर’ आणि ‘परीक्षा’ हे तत्सम शब्द आहेत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले असे शब्द प्रत्यय लागला तरी मुळाप्रमाणेच राहतात. कोणता शब्द तत्सम हे मुलाला अंदाजाने कळणार नाही. इथे खूण न देता वर सरळ ‘शरीराला’ लिहा आणि शेजारी ‘तत्सम’ एवढा शब्द टाका.

वाक्यच विस्कटले असेल तरी खूण कामाची नाही. समासात एक प्रश्न लिहा: ‘कोणी केले?’, ‘केव्हा?’ उत्तर देताना वाक्य बहुधा जागेवर येते.

चूक तिसरी: ‘पुन्हा लिहून आणा’

पूर्ण निबंध पुन्हा लिहिताना मूल हस्ताक्षराकडे लक्ष देते, आणि जुन्या चुका सुटता सुटता नव्या होतात. त्याऐवजी लिहितानाच एक ओळ सोडून लिहायला सांगा. वही परत दिली की त्याच तासाला दहा मिनिटे द्या. खुणेवरून शोधलेला शब्द, फक्त तेवढाच, मोकळ्या ओळीत पेन्सिलने लिहायचा. घरी नेलेली वही तशीच परत येते, म्हणून ही दहा मिनिटे वर्गातच हवीत. दुसऱ्यांदा तपासताना फक्त पेन्सिल पाहायची असते, त्याला एका वहीमागे अर्धा मिनिटही लागत नाही.

चूक चौथी: खुणा वर्षभर तशाच

अक्षराखालची रेघ कायम राहिली, तर चूक शोधण्याचे काम शिक्षकाकडेच राहते. दहापैकी आठ खुणा मूल बरोबर सोडवू लागले की रेघ बंद करा आणि त्या ओळीसमोर समासात फक्त ‘प्र’ किंवा ‘शे’ लिहा. तेही जमले की समासात नुसता ठिपका, म्हणजे या ओळीत काहीतरी आहे. ही पायरी वर्गाची नसून एकेका मुलाची आहे. शेजारी बसणाऱ्या दोघांच्या वह्यांत वेगळ्या खुणा असल्या तरी चालेल.

वहीच्या शेवटच्या पानावर मुलाने तारीख, खूण, चुकलेला शब्द आणि दुरुस्त शब्द असे चार रकाने आखावेत. पुढचा निबंध देण्यापूर्वी तिथे सर्वांत जास्त वेळा आलेल्या एकाच खुणेसाठी तो एकदा वाचायचा. ‘प्र’ जास्त असेल, तर फक्त प्रत्यय लागलेले शब्द पाहायचे, बाकी काही नाही. तीन निबंधांनंतरही तीच खूण तितकीच येत असेल, तर खुणा थांबवा आणि मूल, फूल, बहीण, वकील, गरीब, सून हे सहा शब्द फळ्यावर घेऊन त्यांना ला, ने, चा लावून दाखवा.