मे महिना, दुपारचा एक आणि "ताई, कारंज्यासमोर फोटो हवाच"

लग्नाच्या फोटोग्राफीत नवीन आलेल्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे मुहूर्त बारा सदतीसचा असला की कपल पोर्ट्रेटला तुम्हाला मिळणारा वेळ दुपारी एक ते दीड हाच असतो. संध्याकाळचं सोनेरी ऊन वगैरे प्री-वेडिंगवाल्यांचे लाड. इथे अक्षता पडल्या, पंगत बसायला अजून वीस मिनिटं आहेत, आणि नवरीची आई म्हणते "आत्ताच काढून घ्या, नंतर साडी बदलायचीय".

माझं पहिलं वर्ष मी एका सिनियर फोटोग्राफरकडे असिस्टंट होते. मेमधलं लग्न, त्यांनी सांगितलं तू कपलचे काढ, मी स्टेज बघतो. मी यूट्यूबवर शिकून आलेली, "उन्हात सब्जेक्टची पाठ सूर्याकडे करा" हे पाठ होतं, म्हणून दोघांना लॉनवर नेलं आणि सूर्य शोधायला लागले तर सूर्य कुठल्याच बाजूला नाही, थेट डोक्यावर. इकडे फिरवा तिकडे फिरवा, काहीच फरक नाही. साठेक फोटो काढले, प्रत्येकात डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळावर पांढरा डाग, नथीची सावली बरोबर वरच्या ओठावर मिशीसारखी आणि मुंडावळ्यांच्या रेघा गालावर. अल्बममध्ये त्यातला एकही गेला नाही.

नंतर कळलं की तो सल्ला चुकीचा नव्हता, आपल्याकडच्या मेसाठी नव्हता. पुण्याच्या आसपास मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी माथ्यावर, उभ्या काठीची सावली तिच्या पायातच. त्याच्या आधीनंतरचे काही आठवडेही जवळपास तसेच. याच जागी डिसेंबरात भर दुपारी सूर्य साधारण ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे तेव्हा पाठ फिरवली की चेहरा खरंच सावलीत जातो आणि केसांना छान कड मिळते. म्हणजे डिसेंबरच्या लग्नात पाठ फिरवा, बिनधास्त. एप्रिल-मेमध्ये विसरा, तिथे प्रश्न सूर्य पुढे की मागे हा नाहीच, डोक्यावर काहीतरी आडवं आणायचं हा आहे.

ते आडवं काहीतरी म्हणजे सगळ्यात आधी कार्यालयाचा व्हरांडा. पोर्च, पत्र्याची शेड, जिन्याखालची जागा, जुना वाडा असेल तर दिंडी दरवाजा, काहीही चालतं, फक्त उभं कुठे करायचं ते महत्त्वाचं. जमिनीवर ऊन आणि सावलीची रेघ दिसते ना, त्या रेघेपासून दोन-तीन फूट आत, तोंड बाहेर उजेडाकडे. छत वरचं ऊन अडवतं आणि समोरचं मोकळं आकाश आणि तापलेली फरशी चेहऱ्यावर मऊ उजेड टाकते, डोळ्यात चमकही येते. अजून सात-आठ फूट आत गेलात की तोच चेहरा मळकट आणि चपटा दिसायला लागतो. मला सुरुवातीला डोळ्याने हा फरक कळायचा नाही, म्हणून मी स्वतःची मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरून अंगठ्याखालची सावली बघायचे. सावलीची कड चाकूने कापल्यासारखी असली तर अजून ऊन लागतंय, कड विरघळल्यासारखी असली तर जागा बरोबर. अजूनही करते, लोक बघतात, बघू दे.

झाडाखाली जायचा मोह होतो पण झाड बघून जा. गुलमोहर आणि चिंचेखाली पानापानातून ऊन गळतं आणि चेहऱ्यावर चट्टे पडतात, ते एडिटमध्ये काढता काढता रात्र जाते. आंबा किंवा वड दाट असतो, तिथे जमतं, फक्त खाली हिरवळ असेल तर हनुवटीखाली हिरवट झाक येते ती लक्षात ठेवा. आणि मांडवाच्या कापडाखाली तर नकोच, लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड चेहरा केशरी करतो आणि व्हाइट बॅलन्सने चेहरा सरळ करायला गेलात की मागचं मोकळ्या उजेडातलं सगळं निळं पडतं.

आता खरी अडचण, कारंजं. मागच्या वर्षी सासवडजवळच्या एका लॉनवर नवऱ्यामुलाच्या बाबांनी त्या कारंज्यासाठीच म्हणे ते कार्यालय घेतलेलं, त्यामुळे व्हरांड्यात चला म्हणायची सोयच नव्हती. आजूबाजूला एक झाड नाही. माझ्याकडे बॅगेत एक पांढरं सुती धोतर असतं, पातळ विणीचं. दोन मामांना दोन बाजूंना उभं केलं आणि धोतर एकेरी ताणून नवरानवरीच्या डोक्यावर आडवं धरायला लावलं. एक मामा म्हणाले, "अहो आत्ताच तर अंतरपाट खाली घेतला, परत लग्न लावताय का?" सगळे हसले, आणि त्या हसण्यात मला एक फ्रेम फुकटात मिळाली.

यात तीन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे लोक कापड फार उंच धरतात, मग ते आकाशाएवढं मोठं राहत नाही आणि सावली परत कडक होते. डोक्याच्या दोन-अडीच फूट वर, फ्रेमच्या अगदी बाहेर, एवढं जवळ पाहिजे. दुसरं, खांदे बाहेर राहतात. चेहरा मऊ आणि खांद्यावर पांढरा फटक पट्टा असं दिसलं की कापड पुढे-मागे सरकवा, शालूची जरीची किनार त्या पट्ट्यात आली तर हमखास पांढरी जळते. तिसरं, दुहेरी घडी. वाटतं जास्त मऊ होईल, पण चेहरा जास्त अंधारात जातो, मग तुम्ही एक्स्पोजर वाढवता आणि मागचं कारंजं पांढऱ्यात विरघळून जातं, ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप तेच गायब.

आकडे सांगते म्हणजे अंदाज येईल. आयएसओ १००, एफ २.८, भर उन्हात शटर साधारण १/३२००. एकेरी धोतराखाली माझं १/१६०० झालं, म्हणजे उजेड निम्मा, एक स्टॉप कमी, मागचं लॉन थोडं उजळ पण तपशील शाबूत. व्हरांड्याच्या कडेला साधारण १/४००, म्हणजे उन्हापेक्षा तीन स्टॉपचा फरक. म्हणूनच व्हरांड्यातून फोटो काढताना मागे उन्हातलं लॉन घेऊ नका, मागे भिंत, दार, सावलीतलंच काहीतरी घ्या.

धोतराखालीसुद्धा उजेड येतो वरूनच, हे विसरू नका. त्यामुळे डोळ्यांचे खड्डे थोडे उरतातच. मी सरळ प्लास्टिकची खुर्ची ओढून तिच्यावर चढले आणि दोघांना वर माझ्याकडे बघायला सांगितलं, हनुवटी वर गेली की उजेड डोळ्यांच्या खोबणीत शिरतो. कारंजंही वरून जास्त छान आलं, तो बोनस.

डोळे मिचकावण्याचं कारण फक्त सूर्य नसतो. पांढऱ्या टाइल्स किंवा पेव्हर ब्लॉककडे तोंड असेल तर सावलीत उभा माणूसही डोळे बारीक करतो. म्हणून कॅमेऱ्याच्या मागे काय आहे ते बघा, त्यांची नजर गडद गोष्टीवर पडली पाहिजे, झाड, पार्क केलेली बस, काहीही. आणि माझी जुनी युक्ती, डोळे मिटून घ्यायला सांगायचं, सावकाश एक-दोन-तीन म्हणायचं आणि तीनला डोळे उघडायचे. उघडल्यावर एखादा सेकंद डोळे मोठे आणि मोकळे असतात, त्यात दोन-तीन फ्रेम निघतात, मग परत मिटायला सांगा. दहा मिनिटं सलग कॅमेऱ्याकडे बघा म्हणून छळलं की डोळ्यात पाणी येतं आणि काजळ उतरतं, मग मेकअपवाल्या ताईंची बोलणी खा.

रिफ्लेक्टर घेऊन येणारे असिस्टंट उत्साहात चंदेरी बाजू खालून मारतात. एक तर समोरचा आंधळा होतो, दुसरं म्हणजे हनुवटीखालून उजेड आला की नवरी भुताच्या सिनेमातली दिसते. पांढरी बाजू वापरा, छातीच्या उंचीवर, थोडी एका बाजूने. रिफ्लेक्टर नसेल तर स्वतः पांढरा शर्ट घालून जवळ उभे राहा, चेष्टा नाही, क्लोजअपमध्ये खरंच फरक पडतो. लाल टीशर्ट घालून जाऊ नका एवढं तरी कराच. फ्लॅशने हे सगळं होऊ शकतं, पण भर उन्हाशी टक्कर द्यायला छोटा फ्लॅश फुल पॉवरवर दमतो, गरम होतो आणि ऐन वेळी रिसायकल व्हायला वेळ खातो, म्हणून पहिलं वर्षभर सावली आणि कापडावरच हात बसवा असं माझं मत.

चेहरे पांढरे पडण्याचं बघू. याचा दोष बहुतेक वेळा उन्हाचा नसून मीटरचा असतो. नवऱ्याचा काळा बंदगळा आणि मागे अंधारं दार असलं की कॅमेऱ्याला वाटतं सगळंच काळोखात आहे आणि तो उजळवतो, त्यात चेहरा जातो. उलट मागे झगझगीत लॉन असलं की चेहरा काळवंडतो. म्हणून मी ऑटोवर सोडत नाही, मॅन्युअलवर एकदा सेट करते, ओव्हरएक्स्पोज झालेला भाग लुकलुकून दाखवणारी हायलाइट वॉर्निंग चालू ठेवते आणि गालाचं हाड, कपाळ, नाक एवढंच बघते. मोगऱ्याचा गजरा थोडा लुकलुकला तर चालेल, गाल लुकलुकला की शटर स्पीड वाढवायचा. हळद लागलेल्या चेहऱ्यावर वॉर्निंग न येताही लाल चॅनेल आधी जळतो आणि गाल प्लास्टिकसारखा सपाट पिवळा दिसतो, तेव्हा हिस्टोग्राममध्ये लाल वेगळा बघा, अर्धा स्टॉप कमी ठेवा आणि रॉमध्येच काढा. मोबाइलवर काढत असाल तर चेहऱ्यावर टॅप करून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. घाम मात्र टिपकागदाने दाबून टिपायचा, पुसायचा नाही, घामाची चमक आणि जळलेला गाल स्क्रीनवर सारखेच दिसतात आणि आपण उगाच एक्स्पोजर कमी करत बसतो.

त्या सासवडच्या लग्नात कारंज्यासमोर एकूण चोवीस फ्रेम काढल्या, अकरा मिनिटं लागली, वारा सुटल्यावर धोतराचा एक कोपरा तीन फ्रेममध्ये आला. बाबांनी मोठी फ्रेम करून लावायला खुर्चीवरून काढलेला निवडला. धोतर त्या दिवशी कुंकू लागून खराब झालं, घरी धुवायला टाकलं तर आईने सवयीने नीळ घातली आणि पुढच्या लग्नात सगळे चेहरे निळसर. आता बॅगेतल्या धोतराच्या कोपऱ्याला मार्करने लिहून ठेवलंय, नीळ नको.