भाव चढत असताना साठ्याचे मूल्यांकन: फिफो आणि भारित सरासरी यांनी नफा किती बदलतो, हे कसे काढावे

माल तोच, विक्री तीच, खरेदीची बिलेही तीच. तरीही दोन हिशेबनीसांनी काढलेला नफा वेगवेगळा येऊ शकतो आणि दोघेही बरोबर असू शकतात. चढत्या भावात फिफोने, म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असे धरून, नफा जास्त दिसतो आणि भारित सरासरीने, म्हणजे नगांच्या प्रमाणात काढलेल्या सरासरी दराने, कमी, एवढे बहुतेकांना पाठ असते. पण हे विधान अर्धेच खरे आहे. उरलेला अर्धा भाग दुसऱ्या वर्षाचा हिशेब मांडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून इथे एकच उदाहरण दोन वर्षे चालवू. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर उत्तम. चलन कोणतेही धरा.

पहिली पायरी: एकूण खर्चाची बेरीज

एकाच प्रकारचा माल आहे. वर्षातल्या नोंदी तारखेच्या क्रमाने अशा:

| नोंद | नग | दर | रक्कम |
|---|---|---|---|
| सुरुवातीचा साठा | १०० | १०० | १०,००० |
| पहिली खरेदी | २०० | ११५ | २३,००० |
| पहिली विक्री | २०० | | |
| दुसरी खरेदी | ३०० | १२६ | ३७,८०० |
| दुसरी विक्री | ३०० | | |

विक्रीचा दर वर्षभर १५०. म्हणजे ५०० नगांची विक्री ७५,००० ची झाली आणि शेवटी १०० नग उरले.

आता सुरुवातीचा साठा आणि दोन्ही खरेद्या मिळून ६०० नगांचा खर्च काढा. तो ७०,८०० येतो. हा आकडा कागदावर वरच्या बाजूला लिहून त्याभोवती चौकट करा. कोणतीही पद्धत वापरा, ही रक्कम बदलत नाही. पद्धत फक्त एवढेच ठरवते की यातली किती रक्कम विकलेल्या ५०० नगांवर टाकायची आणि किती उरलेल्या १०० नगांवर ठेवायची. विकलेल्या मालावर पडणाऱ्या रकमेला पुढे मी मालखर्च म्हणेन.

दुसरी पायरी: फिफो

फिफोचा नियम असा की जो माल आधी आला तोच आधी गेला असे धरायचे. प्रत्यक्षात गोदामातून कोणता नग उचलला याच्याशी या गृहीतकाचा संबंध नाही. नवा माल पुढे ठेवला आणि तोच आधी विकला गेला, तरी वहीत जुन्याच दराने खर्च पडतो.

पहिल्या विक्रीचे २०० नग दोन थरांतून निघतील: १०० च्या दराचे १०० आणि ११५ च्या दराचे १००. खर्च २१,५००. दुसऱ्या विक्रीच्या ३०० नगांत आधी ११५ च्या दराचे उरलेले १०० नग जातील, मग १२६ च्या दराचे २००. खर्च ३६,७००. एकूण मालखर्च ५८,२०० आणि उरलेले १०० नग १२६ च्या दराने १२,६०० चे. दोन्हींची बेरीज ७०,८००, म्हणजे चौकटीतला आकडा जुळला. ढोबळ नफा १६,८००.

तिसरी पायरी: सरासरी, पण कोणती?

इथे बरेच जण गोंधळतात, कारण भारित सरासरीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची उत्तरे वेगळी येतात.

पहिला प्रकार वर्षअखेरच्या सरासरीचा. ७०,८०० ला ६०० ने भागा, दर आला ११८. विकलेले ५०० नग ५९,००० चे, उरलेले १०० नग ११,८०० चे. नफा १६,०००.

दुसरा प्रकार चालत्या सरासरीचा. यात प्रत्येक खरेदीनंतर दर नव्याने काढतात. पहिल्या खरेदीनंतर हातात ३०० नग आणि ३३,००० चा खर्च, म्हणून दर ११०. पहिली विक्री याच दराने २२,००० ची गेली आणि ११,००० चे १०० नग उरले. त्यात ३७,८०० ची दुसरी खरेदी मिळवली की ४०० नग आणि ४८,८००, म्हणून दर १२२. दुसऱ्या विक्रीचा खर्च ३६,६०० आणि अखेरचा साठा १२,२००. मालखर्च ५८,६००, नफा १६,४००.

वर्षअखेरच्या सरासरीत पहिल्या विक्रीवरही ११८ चा दर पडतो, म्हणजे त्या विक्रीनंतर झालेल्या महाग खरेदीचा भार तिच्या अंगावर येतो. चालत्या सरासरीत तसे होत नाही, म्हणून तिचे उत्तर फिफो आणि वर्षअखेरची सरासरी या दोहोंच्या मधे पडले. दर विक्रीचा खर्च त्याच वेळी कळायला हवा असेल तर मला चालती सरासरीच योग्य वाटते. मात्र तिला नोंदींची शिस्त लागते. एखादे खरेदीचे बिल महिनाभर उशिरा, मागच्या तारखेने चढवले, तर त्यानंतरचे सगळे दर बदलतात. आधी छापलेला नफा आणि आताचा नफा जुळत नसेल, तर आधी अशा उशिरा चढवलेल्या नोंदी शोधा.

सर्वांत जास्त आढळणारी चूक मात्र साधी आहे. १००, ११५ आणि १२६ या तीन दरांची बेरीज करून तिला तीनने भागायचे. उत्तर येते सुमारे ११३.६७. त्या दराने ६०० नगांचा खर्च ६८,२०० भरतो, म्हणजे २,६०० हिशेबातून गायब होतात. ३०० नगांच्या खरेदीला १०० नगांएवढेच वजन दिल्याचा हा परिणाम. चौकटीतला आकडा अशा वेळी लगेच चूक दाखवतो.

चौथी पायरी: फरक कुठून आला ते पाहा

फिफोचा नफा १६,८०० आणि वर्षअखेरच्या सरासरीचा १६,०००. फरक ८००. आता अखेरच्या साठ्याकडे पाहा: १२,६०० आणि ११,८००. फरक तोच, ८००. चौकटीतली रक्कम ठरलेली असल्याने साठ्यावर जे जास्त राहिले तेवढेच मालखर्चातून कमी झाले.

नफ्यातल्या या ८०० मागे एक पैसाही जास्त हातात आलेला नाही. रोख सारखीच आहे. उलट करपात्र नफा याच पद्धतीने मोजला जात असेल, तर २५ टक्के दर धरून फिफोवाल्याला या वर्षी २०० जास्त कर भरावा लागेल.

याच्याही पुढे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पहिली विक्री झाली तेव्हा बाजारात माल ११५ ला मिळत होता आणि दुसऱ्या विक्रीच्या वेळी १२६ ला. विकलेला प्रत्येक नग त्या त्या वेळच्या दराने पुन्हा भरायचा तर २३,००० आणि ३७,८००, मिळून ६०,८०० लागतात. ७५,००० मधून ते वजा केले की १४,२०० उरतात. हा खऱ्या अर्थाने विक्रीतून मिळालेला नफा. फिफोच्या १६,८०० मधले उरलेले २,६०० केवळ स्वस्तातला माल हातात असताना भाव चढल्यामुळे दिसतात. वर्षअखेरच्या सरासरीत हीच रक्कम १,८०० आहे, म्हणजे तीही यातून सुटलेली नाही. दाखवलेला सगळा नफा वाटून टाकला, तर तेवढेच नग पुन्हा भरताना पैसे कमी पडतात आणि फिफोत ते जास्त कमी पडतात. भाव चढत असताना नफ्यातून किती रक्कम काढून घ्यायची हे ठरवणाऱ्याने हा १४,२०० चा आकडा आधी पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाचवी पायरी: दुसरे वर्ष मांडा

समजा पुढच्या वर्षी भाव १२६ वरच थांबला. त्या दराने ४०० नग घेतले, ४०० विकले आणि पुन्हा १०० उरले.

फिफोत सुरुवातीचा साठाही १२६ चा आणि खरेदीही १२६ ची. मालखर्च ५०,४००. विक्री ६०,००० ची, नफा ९,६००.

सरासरीत सुरुवातीचा साठा ११,८०० चा होता. त्यात ५०,४०० मिळवले की ६२,२००, भागिले ५०० नग, दर १२४.४०. मालखर्च ४९,७६० आणि नफा १०,२४०.

नफा आता सरासरीने जास्त दिसतो, आणि तोही ६४० ने. भाव उतरलेला नाही, फक्त चढायचा थांबला आहे. सरासरीत जुना स्वस्त दर साठ्यात मागे राहिला होता, तो आता हळूहळू खर्चात येतो आहे. अखेरच्या साठ्यातला फरक ८०० वरून १६० वर आला आणि जे ६४० कमी झाले तेच नफ्यात दिसले. म्हणून लक्षात ठेवायचा नियम असा: एखाद्या वर्षीच्या नफ्यातला फरक म्हणजे दोन पद्धतींच्या साठ्यातल्या फरकात त्या वर्षी झालेला बदल. भाव पुरेशा वेगाने चढत राहिला आणि साठा टिकून राहिला तर साठ्यातला हा फरक वाढतो व फिफो पुढे राहते. ज्या दिवशी साठा शून्यावर येतो, त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या वर्षांचा एकूण नफा दोन्हीकडे सारखाच भरतो.

यावरूनच कोणाला फरक जास्त पडेल तेही कळते. माल आठवड्यात संपून नवा येत असेल, तर जुन्या आणि नव्या दरात अंतर पडायला वेळच मिळत नाही. सहा-सहा महिने पडून राहणाऱ्या मालात हा प्रश्न मोठा होतो.

सहावी पायरी: मूल्याची वरची मर्यादा तपासा

साठा खर्चाने दाखवायचा की विकून निव्वळ मिळू शकणाऱ्या रकमेने, तर या दोहोंत जी कमी असेल तिने. वरच्या पहिल्या वर्षाच्या शेवटी मागणी अचानक पडली आणि विक्रीचा खर्च वजा जाता नगामागे १२० च मिळतील असे दिसले, तर फिफोचा साठा १२,००० वर आणावा लागेल आणि नफ्यातून ६०० जातील. सरासरीचा ११८ चा दर १२० च्या खालीच असल्याने तिथे काहीच कापावे लागत नाही. दोन पद्धतींतला ८०० चा फरक २०० वर येतो. चढत्या भावानंतरच्या घसरणीत फिफोचा साठा आधी कापला जातो तो यामुळे.

दुसऱ्याचा ताळेबंद वाचताना

दोन कंपन्यांच्या नफ्याची तुलना करण्याआधी हिशेब-धोरणांच्या टिपेत साठ्याची पद्धत शोधा. आयएएस २ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार फिफो आणि भारित सरासरी दोन्ही चालतात, पण सारख्या स्वरूपाच्या आणि सारख्या वापराच्या मालाला एकच पद्धत लावावी लागते. शेवटी आलेला माल आधी गेला असे धरणारी तिसरी पद्धत २००३ च्या सुधारणेत या मानकातून वगळली गेली, अमेरिकेच्या नियमांत ती अजून चालते. पद्धती वेगळ्या निघाल्या तर फक्त टक्केवारी पाहून निष्कर्ष काढू नका. प्रत्येकीचा साठा सरासरी किती दिवस पडून असतो ते काढा आणि तेवढ्या काळात खरेदीचा भाव किती चढला ते पाहा. ही वाढ नगण्य असेल, तर पद्धतीचा फरक विसरून पुढे जायला हरकत नाही.