पगार युरोत, हप्ता सोलापुरात

सोलापुरातून कंपनीच्या कामावर जर्मनीला येणाऱ्या पोरांचा मला पहिल्याच महिन्यात एक प्रश्न येतो: घरी किती टक्के पाठवायचे? मी टक्क्यांत हिशोब करायला सांगत नाही. घरचे खर्च रुपयांत ठरलेले असतात, इथले युरोत. दोन्ही आकडे आधी वेगवेगळे मांडायचे आणि मगच पगाराकडे बघायचे. माझा आतेभाऊ फ्रँकफुर्टला आला तेव्हा आम्ही दोघांनी बसून हेच केले. त्याचाच हिशोब इथे देतो.

तो अविवाहित, म्हणून कर वर्ग १. कर, आरोग्यविमा वगैरे कापून हातात साधारण ३,१५० युरो येतात. (लग्न झालेल्यांनी ध्यानात ठेवा: बायको सोलापुरातच राहणार असेल तर सहसा कर वर्ग १ च लागतो. ती इकडे राहायला आल्यावर वर्ग ३ घेता येतो आणि हातातला पगार बराच वाढतो. कुटुंब नंतर आणायचे असेल तर हिशोब दोनदा करा.)

आत्याच्या घरी ३,१५० चे लगेच तीन लाख पंधरा हजार झाले. सोपे जावे म्हणून आम्हीही युरोला १०० रुपयेच धरले होते. आत्या फोनवर म्हणाली, "अरे, महिन्याला एक लाख तर सहज पाठवशील की!" तिचे काही चुकले नव्हते. इथला खर्च तिला कुणी सांगितलाच नव्हता.

तो असा. फ्रँकफुर्टशेजारच्या ऑफेनबाखला एका खोलीच्या फ्लॅटचे मूळ भाडे ८५० आणि हीटिंग, पाणी, कचरा धरून १,०५०. वीज आणि इंटरनेट ८५. लोकल गाड्या-बसचा देशभर चालणारा मासिक पास ६३. किराणा ३००, फोन १५. घरात टीव्ही असो वा नसो, दर घरामागे भरावी लागणारी प्रसारण फी १८. कपडे, बाहेरचे जेवण, कधीतरी फिरणे यांना २५०. बेरीज १,८०० च्या आसपास जाते. इथे एक मोह होतो, प्रत्येक वस्तूच्या किमतीला शंभरने गुणायचा. मग पोरे हीटर बंद ठेवून थंडीत बसतात आणि जेवणात नुसती ब्रेड-मॅगी चालवतात. पगार युरोत आहे तोवर किराण्याचा विचारही युरोतच करावा. मला हे मनापासून वाटते, कारण तब्येत बिघडली तर घरी जाणारे पैसेही थांबतात.

घरची बाजू अशी: जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचा हप्ता ३२,००० आणि आत्याच्या घरखर्चाला २०,०००. म्हणजे ५२,००० रुपये, ५२० युरो. बहिणीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी महिना १०,००० बाजूला काढायचे, पण ती भरायला अवकाश होता.

१,८०० आणि ५२० वजा जाता ८३० उरतात. आत्याचे एक लाख बसेल असे इथे वाटते. पण पहिल्या तीन महिन्यांत डिपॉझिट आडवे येते. जर्मनीत घरमालक जास्तीत जास्त तीन महिन्यांचे मूळ भाडे अनामत मागू शकतो, आणि ती तीन समान हप्त्यांत भरण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला दिला आहे. बरेच नवखे हे माहीत नसल्याने एकदम रक्कम भरतात. आतेभावाने हप्ते घेतले तरी महिना ८५० जायचेच, म्हणजे उरलेले ८३० ही २० ने कमी पडायचे. सुरुवातीचा कंपनीचा भत्ता फर्निचर आणि किचनमध्ये संपला होता, कारण इथली भाड्याची घरे पुष्कळदा किचनशिवाय मिळतात. त्यामुळे तीन महिने हप्ता आणि घरखर्च एवढेच पाठवायचे आणि आत्याला तसे आधीच सांगायचे, असे ठरले.

चौथ्या महिन्यापासून बहिणीच्या फीचे १०० युरो धरले आणि ७३० उरू लागले. हे सगळे घरी पाठवायचा मोह मोठा होता. मी त्याला थांबवले, आणि कारण अगदी व्यवहाराचे आहे. कंपनीच्या कामावर आलेल्या माणसाला प्रोजेक्ट संपला म्हणून महिनाभरात परत बोलावले जाऊ शकते. भाडेकराराची नोटीस मात्र सहसा तीन महिन्यांची असते. तीही सही केलेल्या कागदावर लागते, ईमेल चालत नाही, आणि महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मालकाला पोचली तरच तो महिना धरला जातो. चौथ्या दिवशी पोचली की एक भाडे आणखी. अनामत तर घर सोडल्यावर काही महिन्यांनी मिळते. वर्षाकाठी हीटिंगचा खरा हिशोब येतो आणि वापर जास्त निघाला तर फरक भरावा लागतो. म्हणून तीन महिन्यांचा इथला खर्च, म्हणजे ५,४०० युरो, इथल्याच खात्यात साठवायचे. ७३० प्रमाणे त्याला साडेसात महिने लागतात. महिना एक लाख पाठवले असते तर दरमहा ३५० च उरले असते आणि त्याच साठ्याला पंधरा महिन्यांच्या वर लागले असते. हे आकडे आत्याला वाचून दाखवले तेव्हा तिने स्वतःच विषय मिटवला.

आता पैसे कुठे पाठवायचे. त्याचे सोलापुरातले जुने बचत खाते तसेच चालू होते. नोकरीसाठी परदेशी जाऊन अनिवासी झाल्यावर ते साधे खाते तसेच ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासीचे खाते, करून घ्यावे लागते, आणि परदेशातल्या कमाईसाठी एनआरई खाते वेगळे उघडावे. घराचा हप्ता एनआरईमधून आपोआप कापला जाईल अशी सूचना बँकेला दिली. घरखर्च थेट आत्याच्या खात्यात जातो. मुलाने आईला दिलेल्या पैशावर तिला आयकर लागत नाही, पण त्यावरचे व्याज तिचे उत्पन्न धरले जाते. एनआरईच्या व्याजावर भारतात कर नाही, म्हणून ते पूर्ण करमुक्त असा समज आहे. जर्मनीत राहणाऱ्याने ते इथल्या विवरणात दाखवायचे असते. इथे एकट्या माणसाला सगळ्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावर मिळून वर्षाला १,००० युरोपर्यंत सूट मिळते.

पाठवताना फी किती हे विचारू नका, १,००० युरोचे किती रुपये खात्यात पडतील ते विचारा. बाजारात दर १०० असताना कुणी "फी शून्य" म्हणून ९८ देत असेल तर दोन हजार रुपये गेलेच. हप्ता पाच तारखेला असेल तर पैसे पगाराच्या दिवशीच पाठवा आणि दर वाढायची वाट बघू नका. ५२० युरोवर तीन रुपयांचा फरक जेमतेम दीड हजारांचा, आणि चुकलेल्या हप्त्याचा दंड व कर्जाच्या नोंदीवरचा डाग त्याहून महाग.

अकराव्या महिन्यात साठा भरला. आता ७३० मधले २५० युरो सोलापूरच्या फेरीच्या तिकिटासाठी आणि हीटिंगच्या फरकासाठी राहतात. उरलेल्या ४८० पैकी निम्मे तो कर्जाच्या मुद्दलात भरतो, कारण बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. निम्मे एनआरई ठेवीत जातात, कारण मुद्दलात गेलेला पैसा अडचणीत परत काढता येत नाही. भाडे वाढले, बहिणीची फी संपली किंवा मूळ कंपनीने मुक्काम वाढवला की कागद पुन्हा मांडायचा, असे त्याच्याशी ठरले आहे. यंदा गड्ड्याच्या जत्रेला तो घरी गेला की आत्यासमोर बसूनच पुढच्या वर्षाचे आकडे लिहिणार आहे.